तयार ड्रेसच्या बाजू आत घेताना

तयार ड्रेस सैल झाला म्हणजे आपल्याकडे एकच उपाय ठरलेला असतो. ड्रेस उलटा करायचा, काखेपासून खालच्या कटापर्यंत खडूने एक सरळ रेघ मारायची, तिच्यावरून मशीन चालवायची आणि उरलेले कापड कापून टाकायचे. दहा मिनिटांत काम होते. पण अंगात घातल्यावर काखेतून छातीकडे तिरक्या सुरकुत्या पडतात, कमरेवरचे टक्स बगलेकडे सरकल्यासारखे दिसतात आणि कटाच्या वर कापडाची चोच बाहेर येते. मग बाई म्हणते, "ड्रेसच खराब होता." ड्रेस खराब नसतो. तो कापताना कारागिराने पुढचा भाग, मागचा भाग, बाही आणि टक्स यांचा जो हिशेब घातलेला असतो, तो त्या एका सरळ रेघेने मोडलेला असतो.

आम्ही दोघी जावा घरातल्या पायमशीनवर हे काम करतो. नवीन शिवणापेक्षा आमच्याकडे दुरुस्तीचेच कपडे जास्त येतात. त्यातलाच एक ड्रेस आज सविस्तर सांगतो, कारण बाजू आत घेण्यातल्या बहुतेक अडचणी त्या एकाच ड्रेसमध्ये होत्या.

आमच्या चाळीतल्या एका वहिनींची मुलगी टायफॉइडने दोन महिने अंथरुणावर होती. बरी झाली, पण अंगावर काही उरले नव्हते. तिला रुग्णसेविकेच्या शिक्षणासाठी मुलाखतीचे बोलावणे आले होते. घरात चांगला म्हणावा असा एकच ड्रेस होता, आजाराच्या आधी बाजारातून आणलेला सुती, गुडघ्याखाली येणारा, बाजूला कट असलेला. तो तिच्या अंगावर खुंटीला लटकवल्यासारखा दिसत होता. वहिनी म्हणाल्या, "तुम्ही लहान करा, पण कापू नका. पोरगी खाऊनपिऊन पुन्हा भरेल. तेव्हा दुसरा ड्रेस कुठून आणू?" मुलगी मात्र म्हणाली, "काकू, आत घेतलेला आहे असं दिसायला नको." दोघींचेही म्हणणे बरोबर होते, आणि दोन्ही एकत्र साधायचे म्हणजे नीट विचार करूनच हात घालावा लागणार होता.

पहिली गोष्ट आम्ही ड्रेस धुऊन, वाळवून, इस्त्री करून घेतला. तो एकदाही धुतलेला नव्हता आणि सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. न धुता आत घेतला असता तर मापात बसलेला ड्रेस पुढच्या आठवड्यात घट्ट झाला असता.

दुसरी गोष्ट खांदा. मुलीला ड्रेस घालायला लावून बाहीची शिवण खांद्याच्या हाडावर येते की खाली घसरते ते पाहिले. अर्धा इंच घसरली तर चालते. त्याहून जास्त असेल तर बाजू कितीही आत घ्या, तो ड्रेस अंगाला बसत नाही. तिथे बाही काढून खांदाच कमी करावा लागतो आणि ते वेगळे काम आहे. इथे खांदा ठीक होता.

मग मापे घेतली. ड्रेस जमिनीवर सपाट पसरून मोजला तेव्हा छाती ३९ इंच, कंबर ३६ आणि सीट ४१ भरली. मुलीच्या अंगाची मापे छाती ३३, कंबर २८ आणि सीट ३७ होती. असा ड्रेस अंगापेक्षा छातीत ३ इंच आणि कमरेत ४ इंच सैल असला तर बसता उठता येते आणि तो ढगळही दिसत नाही. म्हणजे आम्हाला छाती ३६ आणि कंबर ३२ हवी होती. छातीत ३ इंच आणि कमरेत ४ इंच कमी करायचे होते. सीट तशीच ठेवायची ठरवली, कारण तिथूनच कट सुरू होत होता आणि ड्रेसचा घेर तिथे सैल असला तरी खटकत नाही.

आता हिशेब. ड्रेसला दोन बाजू आणि प्रत्येक बाजूला पुढचे एक व मागचे एक अशा दोन कडा, म्हणजे एकूण चार कडा. ३ इंच कमी करायचे तर प्रत्येक कडेवरून पाऊण इंच आत यायचे. पुष्कळजणी इथेच फसतात. त्या ३ इंचाचे दोन भाग करून प्रत्येक बाजूच्या शिवणीपासून दीड इंच आत रेघ मारतात आणि ड्रेस ३ ऐवजी ६ इंचांनी कमी होतो. चार कडा हा आकडा पाठच करावा.

पुढच्या आणि मागच्या कडेवरून सारखेच घ्यावे. तसे घेतले म्हणजे बाजूची शिवण काखेपासून सरळ खाली उतरते. आम्ही दोऱ्याला एक नट बांधून तो काखेखाली धरतो. शिवण त्या दोऱ्याच्या रेषेत राहिली पाहिजे. ती पोटाकडे किंवा पाठीकडे झुकली तर पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना ओढत आहेत असे समजावे.

कमरेतले ४ इंचही बाजूंनीच घ्यायचे म्हटले असते, तर प्रत्येक कडेवरून एक इंच आत जावे लागले असते. तसे आम्ही केले नाही आणि त्याची दोन कारणे होती.

पहिले कारण टक्स. या ड्रेसला कमरेवर पुढे दोन आणि मागे दोन असे उभे लांब टक्स होते, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळते. कमरेवर मधल्या रेषेपासून टक्सपर्यंत साडेचार इंच आणि टक्सपासून बाजूच्या शिवणीपर्यंतही साडेचार इंच अंतर होते. म्हणजे टक्स बरोबर मधोमध. सगळे बाजूने घेतले असते तर आतले अंतर साडेचारच राहून बाहेरचे साडेतीन झाले असते. एक इंचाचा हा फरक डोळ्याला लगेच कळतो, आणि "ड्रेस आत घेतलेला आहे" हे सांगतो तो हाच फरक.

दुसरे कारण न कापण्याचे. बाजूची रेघ कमरेत जितकी खोल जाईल तितकी आतली माया रुंद होते. अशी आत वळलेली शिवण एका बाजूला दाबून बसवताना मायेची कडा अपुरी पडते आणि ती बाहेरच्या कापडाला ओढते. ती ओढ घालवण्यासाठी मायेला कात्रीने छेद द्यावे लागतात. छेद दिला की ओव्हरलॉक तुटला आणि मग ड्रेस पुन्हा सैल करणे अवघड झाले. म्हणून बाजूची रेघ कमरेतही पाऊण इंचावरच ठेवली आणि उरलेला एक इंच टक्समध्ये घेतला. टक्स चार, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला पाव इंच आला.

तो पाव इंचही दोन्हीकडून सारखा घेतला नाही. टक्स पूर्ण उसवला, इस्त्री केली, बाहेरच्या बाजूची जुनी रेघ होती तिथेच ठेवली आणि आतली, म्हणजे मधल्या रेषेकडची रेघ कमरेवर पाव इंच आत सरकवली. वरचे टोकही तितकेच, म्हणजे दोन सूत मधल्या रेषेकडे घेतले. मोठ्या मापाच्या ड्रेसचे टक्स अंगाने लहान असलेल्या मुलीला नेहमी बाहेरच्या बाजूला पडतात, त्यामुळे हे सरकवणे सोयीचेच होते. शेवटी आतले अंतर सव्वाचार आणि बाहेरचे पावणेचार झाले. फरक अर्धा इंच उरला, पण अंगावर तो कळत नाही. टक्स शिवताना टोकाशी टीप उलट फिरवून घट्ट करू नये. तिथे कापडाची गाठ होते आणि टोक फुगते. शेवटचे दोन-तीन टाके अगदी घडीच्या कडेवरून न्यावेत, दोरे लांब सोडावेत आणि हाताने गाठ मारावी.

टक्स आधी आणि बाजू नंतर हा क्रम मोडू नये. टक्स झाल्यावर ड्रेस पुन्हा मोजला. कमर ३५ भरली. आता बाजूंनी ३ इंच घेतले की ३२ होणार हे पक्के झाले.

या ड्रेसला छातीसाठी बाजूच्या शिवणीतून निघालेला आडवा टक्सही होता. साडेचार इंच लांब आणि शिवणीजवळ एक इंच कापड पोटात घेणारा. त्याचा आकार त्रिकोणी असतो, शिवणीकडे रुंद आणि टोकाकडे शून्य. आपण पाऊण इंच आत आलो की त्या त्रिकोणाचा रुंद भाग रेघेच्या बाहेर जातो. नव्या रेघेवर तो टक्स एक इंच नव्हे, तर एक इंचापेक्षा सुताहून थोडे जास्त कमी कापड घेतो. (एका इंचाची आठ सुते.) तेवढे कापड पुढच्या भागात जास्तीचे उरते आणि पुढची कड मागच्या कडेपेक्षा तेवढीच लांब होते. हे लक्षात न घेता मशीन चालवली की ते जास्तीचे कापड घसरत घसरत खाली कटापाशी गोळा होते. कटाच्या वरची चोच तिथूनच येते.

सुताएवढा फरक असेल तर टक्स उसवायची गरज नाही. ते जास्तीचे कापड टक्सच्या आसपासच जिरवायचे. काखेच्या कोपऱ्यात एक टाचणी आणि कमरेच्या खुणेवर एक टाचणी लावून पुढचे व मागचे भाग जुळवले, आणि त्या दोन टाचण्यांच्या मध्ये पुढचे कापड बोटांनी सारखे पसरवून कच्चा टाका घातला. शिवताना पुढचा भाग मशीनच्या दातांकडे, म्हणजे खाली ठेवला. दात खालचे कापड थोडे जास्त ओढतात, त्यामुळे लांब कड आपोआप जिरते. पुढचा भाग दोन्ही बाजूंना खालीच राहायला हवा, म्हणून एक बाजू बाहीकडून कटाकडे आणि दुसरी कटाकडून बाहीकडे शिवावी लागते. आडव्या टक्सची घडी आत दोन्हीकडे खालच्या दिशेलाच दाबलेली असावी. आणि दोन्ही टक्स काखेपासून सारख्याच अंतरावर आहेत का ते आधीच मोजावे. तयार कपड्यात ते पुष्कळदा सारखे नसतात.

फरक दोन सुतांच्या जवळपास किंवा त्याहून जास्त असेल, म्हणजे बाजू एक इंच किंवा त्याहून आत घ्यायच्या असतील, तर मात्र कापड जिरत नाही, चुण्या दिसतात. तिथे आडवा टक्स उसवून नव्या रेघेवर पुन्हा पूर्ण रुंदीचा शिवावा आणि टोक जुन्याच जागी ठेवावे.

आता काख. ड्रेस उलटा करून काखेतला सांधा नीट पाहावा. बाजूची शिवण बाहीतून न थांबता सरळ खाली उतरत असेल आणि मुंढ्याची शिवण तिच्यात दबलेली असेल, तर बाही सपाट कापडावर आधी जोडून बाजू नंतर शिवलेली आहे. अशा ड्रेसमध्ये बाहीपासून कटापर्यंत एकच सलग रेघ मारता येते. उलट मुंढ्याची शिवण काखेतून गोल, अखंड फिरत असेल, तर बाही मागाहून बसवलेली आहे. तिथे मुंढा काखेच्या दोन्हीकडे दोन-तीन इंच उसवून, बाजू आणि बाही वेगवेगळ्या पण सारख्याच मापाने आत घेऊन, मुंढा पुन्हा जोडावा लागतो. तसे न करता वरूनच रेघ मारली की काखेत जाड गोळा होतो आणि घाम येणाऱ्या जागी तो कातडीला घासतो.

आमचा ड्रेस पहिल्या प्रकारचा होता. बाहीच्या टोकाशी जुन्याच शिवणीवरून निघालो, काखेपर्यंत येताना हळूहळू पाऊण इंच आत आलो, काखेत लहानसे वळण घेतले आणि तिथून कमरेपर्यंत जुन्या शिवणीला समांतर उतरलो. काखेतले वळण फार मोठे, खाली झुकलेले घेऊ नये. काख खाली उतरली की हात वर करताना अख्खा ड्रेस वर चढतो. त्या वळणावर आम्ही टाके बारीक ठेवतो, कारण शिवण पहिल्यांदा तिथेच तुटते. आणि हे करण्यापूर्वी मुंढ्याचा घेर पाहावा. तो या कामात दीड इंचाने कमी होतो. मुळातच घट्ट असेल तर छाती एवढी कमी करता येत नाही.

कमरेपासून खाली रेघ सावकाश जुन्या शिवणीकडे नेली. सात-आठ इंचांत ती तिला मिळाली पाहिजे. कट सुरू होण्याच्या एक इंच आधीच ती जुन्या शिवणीवर आलेली असावी आणि तो एक इंच जुन्या टिपेवरूनच शिवावा. म्हणजे कटाची पट्टी उसवावी लागत नाही.

पक्की टीप घालण्यापूर्वी कच्च्या टाक्यांवर ड्रेस मुलीला सुलट घालून पाहिला. तिला हात वर करायला, खुर्चीवर बसायला, वाकून चप्पल घालायला आणि मोठा श्वास घ्यायला सांगितले. बसल्यावर कमरेत आडव्या सुरकुत्या आल्या तर तिथे घट्ट आहे. काखेतून छातीकडे तिरक्या आल्या तर छातीत जास्त घेतले आहे किंवा आडवा टक्स ओढला जातो आहे. पाठीत आडवी घडी आली आणि पुढे ठीक असेल, तर मागच्या टक्सचे माप पाहावे, बाजूला हात लावू नये. तिचा डावा खांदा किंचित खाली होता, म्हणून डाव्या काखेत अर्धे सूत सोडले. हे उलट्या ड्रेसवर टाचण्या लावून कळले नसते, कारण तिथे डावे उजवे बदलते.

शेवटचा प्रश्न आतल्या कडेचा. तयार ड्रेसच्या बाजूला बहुधा पाच दोऱ्यांची शिलाई असते, आत साखळीची टीप आणि कडेला ओव्हरलॉक, दोन्ही एकाच वेळी घातलेले. साखळीची टीप मध्येच कापली तर एका टोकाकडून ती सरसर उसवत जाते. म्हणून जुनी शिवण मध्ये कुठेही कापली नाही. ती तशीच ठेवून आतून नवी टीप घातली, एका इंचात दहा-बारा टाके. आत आता एक इंचाहून थोडी जास्त माया राहिली. ती ओल्या फडक्यावरून इस्त्रीने मागच्या बाजूला दाबली आणि कमरेजवळ इस्त्री करताना हाताने किंचित ताणली. सुती कापड तेवढे ताणले जाते. मग माया मोकळी फिरू नये म्हणून ती काखेखाली आणि कटाच्या वर अशी दोन ठिकाणी जुन्या शिवणीला हाताने दोन-दोन टाके घालून अडकवली. बाहेरच्या कापडाला टाका लावला नाही. त्यामुळे बाहेरून काही दिसत नाही.

न कापता ठेवणे प्रत्येक ड्रेसला चालत नाही. कापड पांढरे किंवा पातळ असेल तर आतली रुंद माया बाहेरून पट्ट्यासारखी दिसते. जाड कापडात ती बगलेला टोचते. कमरेत जास्त खोल जायचे असेल तर ओढ बसतेच. अशा वेळी नवी टीप घातल्यावर माया अर्ध्या इंचावर सरळ कापावी आणि गल्लीतल्या ओव्हरलॉकवाल्याकडून दोन्ही कडा एकत्र करून घ्याव्यात. ओव्हरलॉक जवळ नसेल तर मशीनच्या झिगझॅगने किंवा हाताने कडेवरून तिरके, जवळजवळ टाके घालावेत. पण कापण्यापूर्वी ड्रेस एकदा अंगात घालून पाहिलेला असावा, कारण कापल्यावर मागे फिरता येत नाही. चमकदार कृत्रिम कापडावर सुईची भोके कायम राहतात, त्यामुळे तिथे उसवून पुन्हा सैल करण्याचा विचारच करू नये.

ड्रेस देताना वहिनींना आतली नवी टीप बोटाने दाखवली. ती आम्ही मुद्दाम किंचित गडद दोऱ्याने घातली होती, म्हणजे जुनी आणि नवी टीप वेगळी ओळखता येते. मुलगी भरली की फक्त ही गडद टीप उसवायची आणि जुनी शिवण आहे तशी वापरायची. तिथे कापडावर एक फिकट रेघ दिसेल, ती एक-दोन धुण्यांत बरीच जाईल. टक्स मात्र तसेच ठेवावेत. त्यातून मिळणारा एक इंच शेवटी लागला तरच ते सोडवावेत, आणि तेही चारही एकदम. दोनच सोडले तर पुढचा आणि मागचा भाग पुन्हा एकमेकांना ओढायला लागतील.